नर्सरीवालीचा देखावा : मातीच्या कुंड्या, कागदाची पानं, बादलीतली फुलं

६ जुलै

यंदा काकूंच्या घरच्या महालक्ष्म्यांपुढे नर्सरीवालीचा देखावा मांडायचं ठरलं. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. इथे महालक्ष्म्यांना आलेल्या बायका देखावा डोळ्यांनी नुसता पाहत नाहीत, वाकून वाकून तपासतात. त्यातल्या निम्म्या शेतात राबणाऱ्या, त्यामुळे झेंडूला जास्वंदीचं पान लावलेलं कोणाच्या नजरेतून सुटायचं नाही.

मातीची बसलेली बाई कुंभारकाका देणार आहेत. झाडं, कुंड्या आणि विकायची तोडलेली फुलं माझ्याकडे. माप ठरवलं एका फुटाला एक इंच, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याचा बारावा भाग. हे माप आधी पक्कं केलं नाही तर पुढे काहीच जुळत नाही. दहा इंची कुंडी २१ मिलिमीटरची होते आणि जास्वंदीचं आठ सेंटिमीटरचं पान साडेसहा मिलिमीटरचं.

आज वर्धा रस्त्यावरच्या नर्सरीत पट्टी घेऊन गेले. कुंडीची उंची, तोंडाचा व्यास, बुडाचा व्यास, काठाच्या पट्टीची रुंदी असं सगळं वहीत उतरवलं. नर्सरीतली निम्म्याहून जास्त रोपं कुंडीत नसून काळ्या पिशवीतच असतात, हे तिथे उभं राहिल्यावर ध्यानात आलं. चित्रातून पाहून केलेल्या देखाव्यात सगळीकडे लाल कुंड्याच मांडतात, म्हणून ती नर्सरी वाटत नाही, कोणाचं तरी अंगण वाटतं.

१० जुलै

कुंड्यांसाठी शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून भिजवली. हाताला लोण्यासारखी लागली, आकारही सुरेख आला. सकाळी पाहिलं तर एकूण एक कुंडी तडकलेली. उन्हाळ्यात आपल्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचंच हे छोटं रूप. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आवळते. दोन मिलिमीटरच्या भिंतीला ते ओढणं सोसवत नाही.

कुंभारकाकांकडे गेले. ते पोळ्याच्या मातीच्या बैलांत गुंतलेले. माझ्या कुंड्या पाहून म्हणाले, "काहून वो बाई, वावरातली माती घेतली? हे काई कामाची नाई. तळ्यातला गाळ ने, त्यात राख मिसळ." त्यांच्याकडचीच मळलेली माती घेऊन आले. चुलीची राख चाळून मिसळली, साधारण आठ भाग मातीला एक भाग. राखेमुळे माती कमी आकसते. पाण्याचं प्रमाण मात्र हातानेच कळतं. गोळी दाबल्यावर कडेला बारीक चिरा पडल्या तर माती कोरडी, बोटाला चिकटली तर ओली.

१४ जुलै

साचा हवा होता. सुतारदादांनी सागाचा निमुळता ठोकळा करून दिला, वर २३ मिलिमीटर आणि बुडाला १४. वाळल्यावर माती आकसणार म्हणून तो थोडा मोठाच ठेवला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, तान्हा पोळ्याच्या बैलांसाठी लाकूड कापताना उरलेला तुकडाच होता.

पद्धत अशी. माती पोळपाटावर दोन मिलिमीटर जाडीची लाटायची. जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या बांबूच्या पट्ट्या ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. ठोकळ्याला कोरडी राख चोळायची, माती गुंडाळायची, जोड ओल्या बोटाने मिटवायचा, बुडाला चकती लावायची. मग काठाला चार मिलिमीटरची पट्टी.

इथे एक दिवस वाया गेला. कुंड्या रात्रभर ठोकळ्यावरच राहू दिल्या आणि उभ्या चिरल्या. माती आवळते, लाकूड आवळत नाही, मग मातीला फाटण्याशिवाय वाट राहत नाही. आता माती आकार धरेल इतकी घट्ट झाली, पण अजून गार लागते, तेवढ्यातच ठोकळा किंचित फिरवून काढून घेते. पावसाळी हवेत त्याला तासभर लागतो, उघडीप असेल तर अर्धा तास. पुढचं वाळणं सावलीत, सुपाखाली झाकून. पंख्याखाली ठेवली तर काठ आधी वाळतो आणि बुडापासून सुटतो.

१९ जुलै

कुंड्या झाल्या, पण कुंड्या वाटेनात. माझी मुलगी म्हणाली, "आई, ह्या तं चहाच्या कपासारख्या दिसतेत." तिचं बरोबर होतं. नर्सरीत घेतलेली मापं काढून शेजारी ठेवली, तेव्हा कारण सापडलं.

खऱ्या कुंडीचा काठ बोटभर जाड असतो, म्हणजे आपल्या मापात जेमतेम एक मिलिमीटर. माझा काठ पट्टीसकट तीन मिलिमीटर झालेला. तो खरा मानला तर कुंडीची जाडी दीड इंच होते. सगळी भिंत एक मिलिमीटरची करणं जमत नाही, ती उचलतानाच मोडते. पण बघणाऱ्याला जाडी दिसते ती फक्त काठावर. म्हणून वाळलेल्या कुंडीचा काठ आतून तिरपा घासला, शिसपेन्सिलीला टोक काढतात त्या पात्याने आधी आणि मग बारीक पॉलिश कागदाने. खाली भिंत दोन मिलिमीटर, वर येता येता एक. तेवढ्याने कप जाऊन कुंडी झाली.

बुडाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. एखादी कुंडी आडवी ठेवायची आहे, तिथे ते दिसेल. काही रिकाम्या कुंड्या एकात एक घालून रचायच्या आहेत, तशाच नर्सरीत असतात. काठाची पट्टी बाहेर आलेली असते ती त्यासाठीच, वरची कुंडी खालच्या कुंडीत काठापर्यंत बसते. सगळ्या एकाच ठोकळ्यावरच्या असल्याने त्या नीट बसल्या.

२३ जुलै

पावसामुळे भट्टी लागणार नाही, काकांनी आधीच सांगितलं होतं. कुंड्या कच्च्याच रंगवायच्या. गेरू पाण्यात कालवून पहिला हात दिला आणि काठ बोटाला लागून निघून आला. कच्ची माती पाणी मिळालं की परत चिखलच होते. उपाय असा की आधी फेव्हिकॉलमध्ये चौपट पाणी घालून त्याचा एक पातळ हात झटकन द्यायचा, ब्रश पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, आणि पूर्ण वाळू द्यायचं. सध्याच्या दमट हवेत त्याला रात्र लागते. त्यानंतर गेरू सुखाने बसतो. गेरूतही थोडं फेव्हिकॉल हवं, नाहीतर हाताला लाल भुकटी लागत राहते.

सगळ्या एकाच गेरूत रंगवल्या तर दुकानातून आत्ताच आणल्यासारख्या दिसतात. वापरातल्या कुंडीवर पांढरे डाग असतात. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, ते कुंडीच्या भिंतीतून पाझरतं, बाहेर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. डाग असतात भिंतीच्या मधल्या आणि खालच्या भागात, वेड्यावाकड्या पट्ट्यासारखे. खाण्याचा चुना पाण्यात पातळ केला, ब्रश कापडाला पुसून जवळपास कोरडा केला आणि तिथेच नुसता घासला. ओला चुना दिसतच नाही, वाळल्यावर उमटतो, म्हणून कमीच लावून थांबायचं. जमिनीला टेकणाऱ्या भागावर काळ्या मातीचे शिंतोडे उडवले, पावसाळ्यात उडतात तसे. काही कुंड्या मुद्दाम स्वच्छ ठेवल्या, रचलेल्या रिकाम्या त्या याच.

२६ जुलै

काळ्या पिशव्या. कचऱ्याच्या काळ्या पिशवीचे तुकडे घेतले. फेव्हिकॉल पॉलिथिनला धरत नाही, वाळलं की पापुद्रा सुटतो. मातीच्या बारीक लोळ्या केल्या, त्यांच्याभोवती तुकडा गुंडाळला, कडा खाली दुमडून दुहेरी चिकटपट्टीने बुडाला दाबली. वरची कड दोन मिलिमीटर मोकळी सोडून थोडी बाहेर वळवली, रोपवाल्या पिशवीची असते तशी.

माप घेताना फसायला होतं. पाच इंची पिशवी म्हणजे रिकामी, सपाट असताना पाच इंच. भरली की गोल होते आणि व्यास सव्वातीन इंचांच्या आत येतो. म्हणजे लोळी सात मिलिमीटरची, साडेदहाची नव्हे. मी मोठ्या केलेल्या लोळ्या आता आंब्याच्या कलमांच्या पिशव्या म्हणून मागच्या रांगेत जातील.

कुंडीत आणि पिशवीत भरायची माती वस्त्रगाळच हवी. दोन मिलिमीटरचा खडा या मापात इंचभराचा दगड होतो. माती काठाच्या दोन मिलिमीटर खालीच थांबवली. पाणी घालायला खऱ्या कुंडीत इंचभर जागा सोडतात. काठोकाठ भरलेली कुंडी लगेच खोटी वाटते. फेव्हिकॉलच्या पाण्याने माती बसवली की ती काळपट होते आणि नुकतं पाणी घातल्यासारखी दिसते, ते बरंच झालं.

२ ऑगस्ट

पानं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि पुढेही जाणार, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पतंगाचा हिरवा ताव वापरला. पातळ असतो, आतपर्यंत रंगलेला असतो, त्यामुळे कापलेली कड पांढरी दिसत नाही. पण फेव्हिकॉलचा ओलावा लागला की रंग सुटतो. बोटं, देठ, कुंडी सगळं हिरवं झालं. मग जुन्या वहीची साधी पानं घेतली, दोन्ही बाजूंनी आधी रंगवली आणि मग कापली. कडेला उरलेली पांढरी रेघ हिरव्या रंगात बुडवलेलं बोट कडेवरून फिरवून झाकली.

रंगाची गोष्ट अशी की पोस्टर कलरचा बाटलीतला हिरवा झाडाला चालत नाही, तो प्लास्टिकचा दिसतो. त्यात चिमूटभर गेरू टाकला की तो पानाचा होतो. पानाची खालची बाजू नेहमी फिकी, तिथे पिवळा आणि थोडा पांढरा जास्त. दोन बाजू वेगळ्या असल्या की पान कुठेही वळलं तरी खरं वाटतं.

जास्वंद आधी केली, कारण गणपतीमुळे ती देखाव्यात पुढेच राहणार. खोडासाठी मोटरच्या जुन्या केबलमधल्या तांब्याच्या बारीक तारा घेतल्या. पंधरा-वीस तारांचा पीळ घालायचा आणि वर जाता जाता एक-एक दोन-दोन तारा बाहेर काढत जायच्या. पीळ आपोआप वर बारीक होतो, खोड होतं तसाच. बाहेर काढलेली प्रत्येक तार म्हणजे एक देठ.

पान कागद दुमडून अर्धं कापायचं आणि उघडायचं, मधली शीर तयार मिळते. जास्वंदीच्या कडेला दाते असतात, पण बुडाकडे नसतात, टोकाकडच्या अर्ध्या भागातच असतात. खालच्या बाजूने, जुन्या चपलेच्या तळव्यावर ठेवून, रिकाम्या रिफिलने बाजूच्या शिरा दाबल्या. तार पानाच्या मागे अर्ध्यापर्यंत चिकटवली.

पहिलं झाड पूर्ण झालं तेव्हा प्रत्येक पान चांगलं होतं आणि झाड मात्र देवळाबाहेर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या झाडासारखं. अंगणातली खरी जास्वंद शेजारी ठेवून पाहिली. माझी सगळी पानं एका मापाची, एका रंगाची आणि आडव्या हातासारखी ताठ. खऱ्या झाडावर शेंड्याची पानं अर्ध्या मापाची, पोपटी, वर उभी. मधली पूर्ण मोठी आणि गडद. खालची वयाने वाकलेली, टोकं जमिनीकडे. अगदी खाली एखादं पिवळं, गळायला आलेलं. आणि पान खोडाला चिकटलेलं नसतं, मध्ये देठ असतो. माझ्या पानांना देठच दिसत नव्हता.

दुसरं झाड केलं ते पानांचे तीन ढीग करून. शेंड्याला तीन-चार मिलिमीटरची पोपटी, मध्ये साडेसहाची, खाली तेवढीच पण गडद. दोन पानांना पिवळा. देठ दोन मिलिमीटर उघडा ठेवला. जास्वंदीची पानं एकाआड एक खोडाभोवती फिरत जातात, समोरासमोर जोडीने येत नाहीत. तारा बाहेर काढताना दर वेळी खोड थोडं फिरवलं की हे आपोआप साधतं.

९ ऑगस्ट

तुळस आणि मोगरा यांचं उलट. त्यांची पानं समोरासमोर जोडीने येतात. तुळशीत एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिणोत्तर. हे चुकलं तर तुळस ओळखूच येत नाही, पानाचा आकार कितीही बरोबर असो. तीन मिलिमीटरचं पान चिमट्याशिवाय धरता येत नाही, भुवयांचा चिमटा कामाला आला. मंजिरीसाठी जांभळट दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून रव्यात लोळवला.

निशिगंध आणि ग्लॅडिओलसच्या लांब पानांना कागद नको. त्यांच्या शिरा लांबीला समांतर असतात, आणि मक्याच्या कणसाच्या वाळक्या सोलपटात अगदी तशाच शिरा तयार मिळतात. ओलं करून पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाडल्या की शिरेच्या ओळीनेच फाटतात. पातळ हिरवा लावला की खालची शीर दिसत राहते. अरेका पामही याच सोलपटाचा केला. हा शोध आधी लागता तर पामच्या कागदी पट्ट्या कापण्यात गेलेली संध्याकाळ वाचली असती.

१६ ऑगस्ट

तोडलेली फुलं. दोन बादल्या आणि एक टोपली.

टोपलीत झेंडू. झेंडू आपल्याकडे किलोवर, मोकळा, देठाविना विकतात. त्याचे दांड्यांसकट गुच्छ बादलीत ठेवले असते तर शेतकरी बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं. फूल पाच मिलिमीटरचं. लोकरीचे गोंडे करून पाहिले, ते मऊ आणि धुरकट दिसले. शेवटी नारिंगी क्रेप कागदाची अरुंद पट्टी, एका कडेला बारीक चिरा, आणि गुंडाळी करून बोटाने फुलवायची. खाली चिंध्या भरून वर एकच थर लावला. पिवळी आणि नारिंगी वेगवेगळ्या बाजूंना, बाजारात ढीग वेगळेच असतात.

बादलीत निशिगंध. दांडी ६० मिलिमीटरची. फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून बुडाशी दोन-तीन उघडी, वर मिटलेल्या कळ्या, टोकाला हिरवट. बाजारात येणारी दांडी अशीच, बहुतेक कळ्यांची असते. कळ्यांसाठी पांढरे तीळ अगदी मापाचे बसतात. नुसते चिकटवलेले तीळ मात्र रातोरात मुंग्यांनी नेले. आता प्रत्येक दांडी पूर्ण झाल्यावर फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून काढते, वर पांढऱ्या रंगाचा हात देते, आणि पाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत.

दुसऱ्या बादलीत जरबेरा. त्याच्या दांडीला पान नसतंच, मी सवयीने लावलेली काढून टाकली. गुलाबाची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली केली. छापील अक्षरं या मापात प्रचंड दिसतात, म्हणून कागदाला पातळ राखी रंग देऊन त्यावर पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या.

२४ ऑगस्ट

काकूंच्या घरी पाट मांडून पाहिला आणि सगळी हिरवळ निळसर दिसली. तिथे पांढऱ्याफटक एलईडी माळा आहेत. मी सगळं रंगकाम दिवसा, अंगणाच्या उजेडात केलेलं. माळेऐवजी पिवळट उजेडाचा एक बल्ब बाजूने लावला. रंग सुधारला, शिवाय उजेड तिरपा पडल्याने पानांच्या सावल्या कुंड्यांवर आल्या आणि दाबलेल्या शिरा दिसायला लागल्या. जास्वंद आणि रबराच्या झाडाच्या पानांना वरच्या बाजूने मेण पुसलं, तेवढीच चकाकी. तुळशीला आणि झेंडूला नाही, त्यांची पानं तशी चकचकीत नसतात.

मांडणीत मागे आंब्याची कलमं, मधे पिशव्यांच्या सरळ रांगा, पुढे बाईच्या उजव्या हाताला कुंड्या आणि डाव्या हाताला फुलांची टोपली. पिशव्यांतली दोन रोपं कलंडलेली ठेवली. जास्वंदीखाली एक फूल पडलेलं आहे. जास्वंदीचं फूल साधारण दिवसभराचंच, सुकताना पाकळ्या पिळून मिटतात, तसं ते पिळलेलं केलं.

२८ ऑगस्ट

खर्च लिहून ठेवते. फेव्हिकॉल, पोस्टर कलर, क्रेप कागद, चिकटपट्टी, गेरू आणि दोन बारीक ब्रश मिळून सहाशेच्या आत. त्यात पतंगाचे ताव आणि लोकर वाया गेली. तार, सोलपट, राख, माती घरची किंवा मागून आणलेली. पैशापेक्षा वेळ लागतो. जास्वंदीच्या एका झाडाला हात बसल्यावरही पूर्ण दुपार जाते, म्हणून पुढे दिसणारी चार झाडं अशी करा. मागच्या रांगेतल्या रोपांना वहीच्या कागदाची साधी, शिरा नसलेली पानं पुरतात, फक्त शेंडा लहान आणि फिका हवा.

उचलून ठेवताना कुंड्या कच्च्या आहेत हे विसरू नका. ओलावा लागला तर फेव्हिकॉलच्या थराखालून माती सुटते. मी प्रत्येक कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात भुशात ठेवणार आहे. भट्टी लागली की काही कुंड्या काका माठाच्या पोटात ठेवून भाजून देणार आहेत. त्या नव्याने करीन, फेव्हिकॉल लावलेल्या जुन्या कुंड्या भट्टीत घालणार नाही. ठोकळाही तेव्हा २४ मिलिमीटरचा करून घेईन, भाजल्यावर माती आणखी थोडी आकसेल.